अ‍ॅपवरचा रायडर: नोकर की कंत्राटदार?

मोबदला घेऊन दुसऱ्याचे काम करणाऱ्या माणसांचे कायद्याने फार पूर्वीपासून दोन वर्ग केलेले आहेत. एक नोकर. तो आपला वेळ आणि मेहनत मालकाच्या स्वाधीन करतो आणि मालक सांगेल तसे काम करतो. दुसरा स्वतंत्र कंत्राटदार. तो ठरलेले काम पुरे करून द्यायचे कबूल करतो, ते कसे करायचे हे त्याचे तो पाहतो. घरातला नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर या दुसऱ्या वर्गातला. दर तो सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करते, वेळ दोघांच्या सोयीने ठरते, स्वतःला जमले नाही तर तो हाताखालच्या पोराला पाठवतो आणि काम बिघडले तर नुकसान त्याचेच होते. हाच प्लंबर एखाद्या हॉस्पिटलात पगारावर लागला की पहिल्या वर्गात जातो. जेवणाची पार्सले पोहोचवणारा रायडर किंवा अ‍ॅपवरून भाडी घेणारा टॅक्सीचालक यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, यावर गेली दहा वर्षे जगभरच्या न्यायालयांत भांडण चालले आहे.

हे भांडण निव्वळ नावाचे नाही. नोकर ठरणाऱ्याला किमान वेतन मिळते. मालकाला त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत आपला वाटा घालावा लागतो, पात्र असल्यास ईएसआयचा हप्ता भरावा लागतो, पुरेशी वर्षे झाली की ग्रॅच्युइटी द्यावी लागते. कामावर अपघात झाला, तर चूक कोणाची याचा फारसा काथ्याकूट न करता भरपाई मिळते. नोकरीवरून काढायचे असेल, तर कारण, नोटीस आणि ठरलेली पद्धत लागते. कंत्राटदाराला यातले काहीही नाही. त्याचे हक्क करारात लिहिलेले असतील तेवढेच, आणि हा करार रायडरने मोबाइलवर एका टिचकीसरशी मान्य केलेला असतो. बहुतेक कंपन्यांच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते की रायडर स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्यात आणि कंपनीत मालक-नोकराचे नाते नाही. प्रश्न इथे संपला असता. पण करारात काय म्हटले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काम कसे चालते याला न्यायालये अधिक वजन देतात. भारतात तर ती हे फार आधीपासून करत आली आहेत.

अ‍ॅपचा जन्म होण्याच्या अर्धशतक आधी हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या विडी कारखान्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेला होता. 1961 च्या आगेमागे, थोड्याच महिन्यांच्या अंतराने, दोन निकाल लागले. एक खटला नागपूरच्या कारखान्याचा होता, दुसरा नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचा. दोन्हींत वाद रजेच्या पगाराचा होता आणि कारखान्याचे म्हणणे एकच होते: विड्या वळणारे लोक वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, जेवढ्या विड्या वळतील तेवढ्याचे पैसे घेतात, तेव्हा ते आमचे कामगार नव्हेत. आजच्या कंपन्या ‘हवे तेव्हा लॉगइन करा, हवे तेव्हा लॉगआउट करा’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचा युक्तिवाद हाच असतो.

नागपूरच्या खटल्यात कामगार जिंकले. न्यायालयाने असे पाहिले की येण्याजाण्याची मोकळीक दिसते तेवढी नाही. दुपारनंतर आलेल्याला त्या दिवशी काम मिळत नसे आणि सलग बरेच दिवस गैरहजर राहिलेल्याला काढून टाकता येत असे. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. विडी वळणे हे साधे काम आहे, वळताना मुकादमाने डोक्यावर उभे राहायची गरज नसते. संध्याकाळी विड्या तपासायच्या आणि पसंत नसलेल्या बाजूला काढायच्या, एवढ्यानेच कारखान्याची हुकमत पुरी होते. नापसंत माल नाकारण्याचा अधिकार हीच देखरेख, असे न्यायालयाने मानले. सिन्नरच्या खटल्यात मात्र बहुमताने उलट निकाल दिला. तिथल्या विडीवाल्यावर अमुक दिवशी, अमुक वेळी यायचे किंवा अमुक इतके काम करायचे असे कोणतेच बंधन नव्हते, म्हणून तो कारखाना कायद्याखालचा कामगार नव्हे, असे दोन न्यायमूर्तींनी म्हटले. तिसरे, न्यायमूर्ती सुब्बा राव, यांचे मत वेगळे पडले. म्हणजे नागपूरला विडी वळणारा कामगार आणि सिन्नरला तसाच माणूस कामगार नाही. निकाल कामाच्या नावावरून लागत नाही, त्या त्या ठिकाणच्या बारीक रीतिरिवाजावरून लागतो, हे या जोडीइतके स्पष्ट क्वचितच दिसते. पुढे संसदेने 1966 साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा करून घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही संरक्षण दिले आणि मधल्या कंत्राटदाराआड लपणाऱ्या मूळ मालकाला जबाबदार धरले.

याच काळातले आणखी दोन निकाल ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. कच्छच्या रणाकाठी मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा खटला 1957 साली प्रसिद्ध झाला. हे लोक मदतीला स्वतःच्या खर्चाने माणसे लावत, हंगाम संपला की गावी जात. तरीही कंपनीला त्यांच्या कामावर हुकमत चालवण्याचा हक्क आहे आणि ते स्वतः अंगमेहनत करतात, म्हणून ते कामगारच ठरले. 1973 साली आंध्र प्रदेशातल्या एका शिंपीकामाच्या दुकानाचा खटला आला. तिथले कारागीर नगावर पैसे घेत, काम नसेल तेव्हा निघून जात, इतरांचे कपडेही शिवत. पण शिलाई मशीन दुकानाची होती आणि शिवण पसंत नसेल तर दुकानदार ती उसवून पुन्हा करायला लावू शकत असे. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी ते दुकानाचेच नोकर असल्याचे सांगितले आणि केवळ हुकमत ही एकच कसोटी आता पुरेशी नाही, सगळ्या बाजू एकत्र तोलून पाहायला हव्यात, असे मांडले. भारतातली न्यायालये आजही याच वाटेने जातात. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट जोडली: प्रश्न कामगारांच्या हिताच्या कायद्याखाली उभा असेल आणि पारडी जवळजवळ सारखी असतील, तर कल नोकरीच्या बाजूने असावा.

ही कसोटी आता रायडरला लावून पाहू. समजा, पुण्यात एक तरुण जेवण पोहोचवण्याचे काम करतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल आणि नेटचा खर्चही त्याचाच. दिवसात दहा तास तो लॉगइन असतो आणि अठरा ऑर्डर पोहोचवतो. प्रत्येकी सरासरी 35 रुपये धरले तर 630 रुपये झाले. अठरा ऑर्डरचे लक्ष्य गाठले आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळेत सतत लॉगइन राहिला, तर 200 रुपये इन्सेंटिव्ह. एकूण 830. यातून पेट्रोलचे 250 आणि गाडीच्या देखभालीचे 50 वजा केले की हातात 530 रुपये राहतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण हिशेबाची घडण बहुतेक अ‍ॅपवर अशीच असते.

या दिवसाच्या हिशेबात स्वातंत्र्य कुठे आहे आणि हुकमत कुठे आहे, ते शोधावे लागते. येण्याचे स्वातंत्र्य खरे आहे. त्याला सकाळी कोणी फोन करून बोलावत नाही. पण इन्सेंटिव्ह मिळवायचा तर रात्रीची गर्दीची वेळ चुकवून चालत नाही, आणि हातात पडणाऱ्या 530 पैकी 200 रुपये इन्सेंटिव्हचे आहेत. ऑर्डर नाकारण्याचे स्वातंत्र्य कागदावर आहे. पण दोन ऑर्डर नाकारल्या की लक्ष्य हुकते, आणि फार नाकारल्या तर चांगले स्लॉट मिळेनासे होतात किंवा आयडीच काही काळ बंद पडतो. हजेरीपटावर लाल रेघ ओढणारा मुकादम इथे नाही. त्याचे काम आकडे करतात. ऑर्डरचा दर कंपनी ठरवते आणि रायडरशी न बोलता बदलते. गिऱ्हाइकाशी रायडरची घासाघीस होऊच शकत नाही. कोणते हॉटेल, कोणते घर, किती मिनिटे, कोणता रस्ता, हे सगळे पडद्यावर येते. गिऱ्हाइकाने दिलेले तारे म्हणजे संध्याकाळी विड्या तपासण्याचीच आधुनिक पद्धत. फरक एवढाच की तपासणीचे काम कंपनीने फुकटात गिऱ्हाइकाकडे सोपवलेले असते.

दुसऱ्या पारड्यात गाडी आहे. शिंप्यांच्या खटल्यात मशीन दुकानाची होती, इथे दुचाकी रायडरची आहे, आणि कंपन्यांचे वकील यावर बराच भर देतात. पण या धंद्यात खरे साधन कोणते, हेही विचारायला हवे. दुचाकी शहरात लाखो लोकांकडे आहे. तिच्यावर बसून कोणी ऑर्डर मिळवू शकत नाही. ऑर्डर येतात त्या अ‍ॅपमुळे, हॉटेलांच्या यादीमुळे आणि गिऱ्हाइकांच्या माहितीमुळे, आणि यातले काहीही रायडरचे नाही. वर्षभर एकाच इमारतीत जेवण पोहोचवले तरी तिथले गिऱ्हाईक त्याचे होत नाही. कंत्राटदाराला काम चांगले केल्यावर नाव मिळते, दर वाढवता येतो, हाताखाली माणसे ठेवून पसारा वाढवता येतो. रायडरला जास्त कमवायचे असेल तर एकच रस्ता उरतो: जास्त तास लॉगइन राहणे. या पारड्यावरून हा माणूस स्वतःचा धंदा करतो असे म्हणणे कठीण जाते. कॉलेज सांभाळून आठवड्यात दोन संध्याकाळी काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पारडे इतके झुकलेले नसेल, हेही खरे.

लंडनच्या टॅक्सीचालकांचा खटला याच मुद्द्यांवर लढला गेला. उबरविरुद्ध दोन चालकांनी नेटाने चालवलेला हा वाद 2016 साली कामगार न्यायाधिकरणात त्यांच्या बाजूने लागला, आणि प्रत्येक अपिलात टिकत 19 फेब्रुवारी 2021 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. कंपनीचे म्हणणे होते की आम्ही केवळ बुकिंग एजंट आहोत, करार प्रवासी आणि चालक यांच्यात होतो. न्यायमूर्ती लेगॅट यांनी सांगितले की दुबळ्या बाजूला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्याचा अर्थ लावताना सुरुवात बलवान बाजूने लिहिलेल्या करारापासून करता येत नाही. तशी केली तर कायद्याचा हेतूच बुडतो. मग त्यांनी पाच गोष्टींवर बोट ठेवले. भाडे कंपनी ठरवते. कराराच्या अटी कंपनी लादते. लॉगइन केल्यावर भाडे नाकारण्याचे प्रमाण मोजले जाते आणि ते वाढले तर चालकाला काही वेळ बाहेर ठेवले जाते. प्रवाशांच्या गुणांवरून चालकाला कामावरून काढता येते. आणि प्रवासी व चालक यांचा एका फेरीपलीकडे संबंध राहू नये याची काळजी घेतली जाते.

एक खुलासा इथे हवा. ब्रिटनच्या कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यामध्ये आणखी एक वर्ग आहे. त्यात बसणाऱ्याला किमान वेतन आणि पगारी रजा मिळते, पण अन्यायाने काढून टाकण्याविरुद्ध पुरे संरक्षण मिळत नाही. उबरचे चालक या मधल्या वर्गात गेले.

त्या निकालातला सर्वांत दूरगामी भाग वेळेविषयी होता. चालक काम करतो म्हणजे किती वेळ करतो? प्रवासी गाडीत असतो तेवढाच, की अ‍ॅप सुरू करून भाड्याची वाट पाहत उभा असतो तोही? न्यायालयाने सांगितले की आपल्या भागात अ‍ॅप सुरू करून भाडे घ्यायला तयार असलेला चालक त्या सगळ्या वेळात कामावर आहे. निकालानंतर महिन्याभरात कंपनीने किमान वेतन देण्याचे जाहीर केले, पण भाडे स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच्या वेळेपुरते. या फरकाची किंमत पुण्याच्या उदाहरणात मोजता येते. एका ऑर्डरला सरासरी वीस मिनिटे धरली तर अठरा ऑर्डरचे सहा तास होतात. 530 रुपयांना सहाने भागले तर तासाला 88 रुपये पडतात, दहाने भागले तर 53. उरलेले चार तास रायडर हॉटेलबाहेर किंवा चौकात उभा असतो. ते तास कंपनीच्या उपयोगाचे आहेत, कारण आसपास मोकळे रायडर असल्याशिवाय कोणतेही अ‍ॅप गिऱ्हाइकाला वीस-पंचवीस मिनिटांत जेवण देण्याचे वचन देऊ शकत नाही. रायडर नोकर ठरला तर या चार तासांचे पैसे कंपनीला द्यावे लागतील. कंत्राटदार ठरला तर त्यांचा तोटा रायडरचा. साऱ्या वादाचे अर्थकारण बरेचसे इथेच आहे.

ब्रिटनमध्येच दुसऱ्या कंपनीचा निकाल उलटा लागला. उत्तर लंडनमधल्या डिलिव्हरूच्या रायडरांनी युनियनला मान्यता मिळावी म्हणून दावा केला होता. 21 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कारण मुख्यतः एकच होते: त्यांच्या करारात आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मुभा होती, ती जवळजवळ बिनशर्त होती, आणि काही रायडर ती खरोखर वापरत होते. अमुक माणसानेच काम करावे असा आग्रह कंपनीचा नसेल, तर त्या माणसाशी नोकरीचे नाते कसे जुळणार, असा हा तर्क. भारतातल्या रायडरसाठी यातून उलटा अर्थ निघतो. इथल्या बहुतेक अ‍ॅपवर दुसऱ्याच्या आयडीवर काम करायला बंदी असते आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी रायडरला मधूनमधून सेल्फी काढून पाठवावा लागतो. सुरक्षिततेसाठी ती बंदी योग्यच आहे, पण तिच्यामुळे डिलिव्हरूला वाचवणारा युक्तिवाद इथल्या कंपन्यांच्या हातून निसटतो. शिवाय अगरियांच्या खटल्यात मदतनीस ठेवण्याची मुभा असूनही ते कामगार ठरले होते, हे भारतीय न्यायालयांपुढे आहेच.

असे असूनही भारतात या प्रश्नाचे सरळ उत्तर अजून आलेले नाही, कारण संसदेने तो बाजूला ठेवून वेगळी वाट काढली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ असे नवे वर्ग निर्माण केले. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या व्याख्येनुसार गिग कामगार म्हणजे पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. भारतीय कायद्याने रायडरचे अस्तित्व पहिल्यांदा मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. पण ते मान्य करतानाच त्याला नोकराच्या चौकटीबाहेर उभे केले. किमान वेतनाच्या संहितेत त्याचा उल्लेख नाही, कामावरून काढण्याचे नियम ज्या औद्योगिक संबंध संहितेत आहेत तिच्यातही नाही. त्याच्या वाट्याला येतात त्या कल्याणकारी योजना: अपघात विमा, आरोग्य आणि मातृत्वाचे लाभ, म्हातारपणची तरतूद. सरकार या योजना आखू शकते, असे संहिता म्हणते. नोकराला मिळणाऱ्या हक्कासारखा तो रायडरचा हक्क नाही.

या योजनांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची आहे, मात्र ती कामगारांना दिलेल्या एकूण मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये. याचा अर्थ आकड्यांत पाहू. एखाद्या कंपनीची उलाढाल 1000 कोटी आहे आणि तिने वर्षभरात वीस हजार रायडरांना मिळून 300 कोटी दिले, असे धरू. म्हणजे सरासरी रायडरला वर्षाला दीड लाख. उलाढालीचे दोन टक्के 20 कोटी होतात, पण मोबदल्याचे पाच टक्के 15 कोटीच भरतात, म्हणून कंपनीची जास्तीत जास्त जबाबदारी 15 कोटींवर थांबते. माणशी हिशेब केला तर वर्षाला 7,500 रुपये, तेही रायडरच्या नावे नव्हे तर सामाईक निधीत. हाच माणूस दीड लाख वार्षिक पगाराचा नोकर असता, आणि तो सगळा पगार हिशेबात धरला, तर भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा बारा टक्के वाटाच 18,000 रुपये झाला असता आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के धरून आकडा 22,000 च्या वर गेला असता. किमान वेतन, रजा आणि ग्रॅच्युइटी अजून यात धरलेलीच नाही. कंपन्या नोकर या वर्गाला का घाबरतात, हे यावरून समजते. आणि नव्या वर्गाने मिळालेले संरक्षण किती आखूड आहे, हेही.

मालक कोण हा वाद न सोडवता कामगाराला आधार देण्याची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बाजारपेठेतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्याची. कोणताही व्यापारी त्याला आपला नोकर म्हणत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यांनंतर 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याने त्रिपक्षीय मंडळे नेमली, हमाल आणि व्यापारी दोघांचीही त्यात नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली आणि मजुरीवर लेव्ही बसवून तीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा आणि औषधोपचाराची सोय केली. दहा व्यापाऱ्यांकडे काम केले तरी हमालाचे खाते एकच राहिले. आजचा रायडर एकाच दिवशी दोन-तीन अ‍ॅप चालवतो, त्यामुळे ही रचना त्याच्या फार जवळची आहे. राजस्थानने 2023 मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला तेव्हा मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे शुल्क ही हाडे याच जातीची होती. फरक मोठा असा की माथाडी मंडळाच्या हातून मजुरीच जाते, त्यामुळे दरावरही मंडळाची पकड राहते. गिग कायद्यांनी दर ठरवण्याच्या अधिकाराला हात लावलेला नाही.

कर्नाटकने 2025 च्या कायद्यात एक पाऊल पुढे टाकले. कंपनीने रायडरला दिलेल्या प्रत्येक रकमेवर एक ते पाच टक्के शुल्क निधीत भरायचे, म्हणजे 35 रुपयांच्या ऑर्डरमागे 35 पैसे ते पावणेदोन रुपये. त्याहून मोलाची तरतूद आयडी बंद करण्याविषयी आहे: काम तोडण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. दर आणि ऑर्डर वाटणारी संगणकप्रणाली रायडरवर कसा परिणाम करते, हे त्याला कळले पाहिजे, असेही हा कायदा म्हणतो. नोकर न म्हणता नोकराचे एखादे संरक्षण उचलून रायडरला दिले, तर त्याच्या रोजच्या भीतीवर ते नेमके लागू पडू शकते, असे यावरून म्हणता येते. आयडी बंद पडणे हीच त्याची बडतर्फी असते.

एकाच माणसाचा दर्जा कायद्यागणिक बदलू शकतो, ही गोष्टही वाचकाने लक्षात ठेवावी. टॅक्सीत छळ झाल्याची तक्रार एका प्रवासी महिलेने केली, तेव्हा चालक आमचा नोकर नाही म्हणून ओला कंपनीने चौकशी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने लैंगिक छळविरोधी कायद्यापुरता तो चालक कंपनीचा कर्मचारीच आहे, असे ठरवले, कारण त्या कायद्याची व्याख्या फार रुंद आहे. पुढे खंडपीठाने या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा ‘रायडर नोकर आहे का’ हा प्रश्न अर्धाच असतो. कशासाठी नोकर, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

प्रत्यक्ष वादात रायडरला अडवणारी गोष्ट तत्त्वापेक्षा पुराव्याची असते. आपण कामगार आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी भारतात तसा दावा करणाऱ्यावर असते. त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे तो किती तास लॉगइन होता, किती ऑर्डर नाकारल्या, त्यानंतर स्लॉट कसे बदलले, कंपनीच्या संगणकात असते. आयडी बंद झाला की अ‍ॅपमधला इतिहासही बहुधा दिसेनासा होतो. म्हणून आठवड्याच्या पेआउटचे तपशील, इन्सेंटिव्हच्या अटींचे पडद्यावरचे फोटो, दर बदलल्याचे आणि आयडी बंद केल्याचे संदेश, सपोर्टशी झालेले चॅट हे वाद उभा राहण्याआधीच जपून ठेवावे लागतात. हुकमत सिद्ध करणारे कागद तेच असतात. कॅलिफोर्नियाने हे ओझे उलट्या बाजूला टाकून पाहिले. 2020 पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्याने काम करणारा माणूस नोकरच समजायचा, नसेल तर ते कंपनीने सिद्ध करायचे, असे ठरवले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपन्यांनी प्रचंड पैसा ओतून जनमत घेतले आणि अ‍ॅपच्या चालकांना त्यातून वगळून घेतले, आणि 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. युरोपीय संघाने त्याच वर्षी असेच गृहीतक स्वीकारले आहे. हुकमत आणि निर्देश यांच्या खुणा दिसल्या की नाते नोकरीचे मानायचे आणि ते खोडून काढायचे काम कंपनीचे. सदस्य देशांना ते आपापल्या कायद्यात आणण्यासाठी 2 डिसेंबर 2026 पर्यंतची मुदत आहे.